स्टँडर्ड रूमचा चार्ज देताना

‘एम-17 चा झिरो बरोबर येतो. तरी पिन मोजायला तो देऊ नका.’

स्टँडर्ड रूमचा चार्ज सोडून जाणाऱ्या माणसाच्या नोटमध्ये असं एखादं वाक्य सापडलं, तर त्याला आपलं काम कळत होतं असं खुशाल समजावं. बाकी नोट दोन ओळींची असली तरी चालेल.

चाकण-भोसरीपासून नाशिकच्या अंबड-सातपूरपर्यंत आणि कोल्हापूरच्या शिरोली-गोकुळ शिरगावपर्यंत, जिथे जिथे गाड्यांचे सुटे भाग कातले जातात, तिथे कारखान्याच्या एका कोपऱ्यात काचेचं दार असलेली एक गार खोली असते. तिला कुणी स्टँडर्ड रूम म्हणतं, कुणी गेज रूम. शॉप फ्लोअरवरचे मायक्रोमीटर, व्हर्निअर, डायल, प्लग गेज ठरावीक मुदतीने इथे येतात आणि ते खरं मोजतात की नाही हे तपासलं जातं. या तपासणीला कॅलिब्रेशन म्हणतात. मध्यम कारखान्यात अशी चार-पाचशे उपकरणं सहज असतात आणि ती सांभाळणारा बहुतेक वेळा एकच टेक्निशियन असतो. तो नोकरी बदलतो तेव्हा नवा माणूस अजून रुजू झालेला नसतो, किंवा झालाच तर दोन-तीन दिवसांपूर्वी. मग क्वालिटी मॅनेजर म्हणतात, ‘जाण्याआधी एक नोट लिहून ठेवा, लवकर ड्यू असलेल्या उपकरणांची आणि त्रास देणाऱ्या उपकरणांची.’

अशी नोट नेमकी कशी असावी हे पाहण्यासाठी पिना आणि बुशेस बनवणारा एक कारखाना नमुन्यादाखल डोळ्यांपुढे ठेवू. त्यातली उपकरणं आणि त्यांचे नंबर कल्पित आहेत, पण त्यांचे दोष या धंद्यातल्या कुणालाही ओळखीचे वाटतील.

नोटचा पहिला भाग, म्हणजे ‘येत्या दोन महिन्यांत ड्यू’ची यादी, वरवर पाहता सोपा. कॉम्प्युटरवर मास्टर लिस्ट असते, तारखेवर फिल्टर लावला की यादी हजर. एवढंच करायचं तर नोट लिहायला माणूस कशाला हवा? पण यादीतली तारीख आणि खरी तारीख यांत फरक असतो. समजा, स्लिप गेजचा सेट 20 नोव्हेंबरला ड्यू आहे. स्लिप गेज म्हणजे अतिशय अचूक जाडीचे पोलादी ठोकळे. कारखान्यातले सगळे मायक्रोमीटर त्यांच्याशी ताडून पाहिले जातात. हा सेट बाहेरच्या लॅबला पाठवावा लागतो आणि लॅब तो काही त्याच दिवशी परत देत नाही. आठ-दहा दिवस गृहीत धरावेच लागतात. मध्ये दिवाळीची सुट्टी आली, तर आणखी. तेवढे दिवस मायक्रोमीटरची घरातली तपासणी बंद. म्हणजे त्या दिवसांत ड्यू होणारे मायक्रोमीटर सेट पाठवण्याआधीच तपासून मोकळं व्हायला हवं. जाणत्या टेक्निशियनच्या नोटमध्ये म्हणून 20 नोव्हेंबर अशी नुसती तारीख नसते. ‘ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात पाठवा. त्याआधी नोव्हेंबरमध्ये ड्यू असलेले सगळे मायक्रोमीटर उरकून घ्या. पाठवण्याआधी लॅबला फोन करून नंबर लावा,’ असं लिहिलेलं असतं.

ही ड्यू डेट ठरवतं कोण? बहुतेकांना वाटतं, लॅब. प्रत्यक्षात लॅबला तो अधिकारच नाही. कॅलिब्रेशन लॅबने कसं काम करावं हे सांगणारं आयएसओ/आयईसी 17025 हे आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि त्यानुसार भारतात एनएबीएल ही संस्था लॅबना मान्यता देते. ग्राहकाशी तसं ठरल्याशिवाय सर्टिफिकेटवर पुढच्या कॅलिब्रेशनची मुदत सुचवायची नाही, असं या मानकात स्पष्ट आहे. कारण उघड आहे. लॅबने उपकरण तपासलं त्या दिवशी ते कसं होतं, एवढंच तिला ठाऊक असतं. उद्या ते तीन शिफ्टमध्ये वापरलं जाणार की कपाटात पडून राहणार, हे तिला कसं कळावं? मुदत कारखान्याने ठरवायची असते आणि ती सरसकट ‘एक वर्ष’ ठेवणं ही निव्वळ सोय झाली.

ही सोय कुठे अंगाशी येते, हे टॉर्क रेंचवरून चांगलं कळतं. ठरलेल्या जोराला ‘टक्’ असा आवाज करणारा हा पाना असेंब्ली लाइनवर बोल्ट आवळायला वापरतात. अशा पान्यांसाठीचं मानक आहे आयएसओ 6789. कारखान्याची स्वतःची वेगळी पद्धत ठरलेली नसेल, तर बारा महिने किंवा सुमारे 5000 वेळा वापर, यांपैकी जे आधी होईल तेव्हा पाना तपासावा, असं ते सांगतं. आता हिशोब करा. लाइनवर एका शिफ्टला 400 बोल्ट आणि दिवसाला दोन शिफ्ट, म्हणजे 800 टकटक. 5000 चा आकडा सातव्या दिवशीच ओलांडला जातो. आणि पान्यावरच्या स्टिकरवर ड्यू डेट असते पुढच्या वर्षीची! म्हणून ज्या कारखान्यांत काम नीट चालतं तिथे लाइनजवळच टॉर्क टेस्टर असतो आणि शिफ्ट सुरू होताना पाना त्याच्यावर दोन-तीनदा आवळून पाहतात. 90 न्यूटन-मीटरला लावलेल्या पान्याला चार टक्के सूट धरली, तर रीडिंग 86.4 ते 93.6 च्या आत यायला हवं. आपल्या नमुना नोटमध्ये टीडब्ल्यू-04 या पान्यापुढे लिहिलेलं आहे : ‘स्टिकरवर जाऊ नका. सेकंड शिफ्टवाले पाना 90 वर ठेवूनच घरी जातात. सुटताना खालच्या आकड्यावर आणायला सांगा.’ रात्रभर ताणात राहिलेली स्प्रिंग हळूहळू ढिली पडते आणि पाना ठरलेल्या जोराच्या आधीच टक् करतो. बोल्ट कमी आवळला जातो, आणि आवळणाऱ्याला आवाज मात्र रोजचाच ऐकू येतो.

हे झालं ड्यू यादीचं. नोटचा खरा जीव ‘त्रास देणारी उपकरणं’ या दुसऱ्या भागात असतो.

या शीर्षकाखाली नवखा माणूस मोडकी उपकरणं लिहितो. अमुक व्हर्निअरचा डिस्प्ले बंद आहे, तमुक डायलचा काटा अडकतो. यांचा फारसा धोका नाही, कारण ती वापरणाऱ्याला दिसतात आणि तो स्वतःच आणून टेबलावर आपटतो. धोका आहे तो तपासणीत पास होऊन कामात चुकणाऱ्या उपकरणांचा. एम-17 हा तशातला.

एम-17 हा 0 ते 25 मिलिमीटर मापाचा जुना मायक्रोमीटर. त्याच्या तोंडांना कार्बाइडच्या टिपा नाहीत, साधं कडक केलेलं पोलाद आहे. कित्येक वर्षं त्याने एकच काम केलं, 8 मिलिमीटरच्या पिना मोजणं. मायक्रोमीटरला दोन सपाट तोंडं असतात. एक जागच्या जागी घट्ट बसवलेलं, त्याला अँव्हिल म्हणतात. दुसरं स्पिंडलचं, ते स्क्रूबरोबर गोल फिरत पुढे येतं. ऑपरेटर पिन दर वेळी तशीच आडवी धरतो. ग्राइंडिंगहून आलेल्या पिनेवर बारीक कचरा चिकटलेला असतो आणि दर वेळी पिन अँव्हिलवर त्याच जागी घासते. अँव्हिल फिरत नसल्यामुळे तिथे कालांतराने एक चर पडतो. समजा, तो 4 मायक्रॉन खोल आहे. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, तेव्हा हा चर नुसत्या डोळ्यांना जाणवणं कठीण.

आता तपासणीत काय होतं ते पाहा. मायक्रोमीटर पूर्ण मिटला की चराबाहेरचे भाग एकमेकांना टेकतात, म्हणजे झिरो अगदी बरोबर. मधे स्लिप गेज धरला तर तो सपाट ठोकळा चरावर आडवा बसतो आणि चराच्या दोन्ही बाजूंच्या कडांवर टेकतो. म्हणजे रीडिंगही बरोबर. सर्टिफिकेटवर सगळे आकडे मर्यादेत. मग तोच मायक्रोमीटर पिनेवर लावला की पिन थेट चरात जाऊन बसते. तोंडं एकमेकांच्या 4 मायक्रॉन जवळ येतात आणि रीडिंग तेवढंच कमी येतं.

ड्रॉइंगवर पिनेचं माप 7.985 ते 8.000 आहे. मशीनवर खरी पिन निघाली 8.003. तिला टाकून द्यायला हवं. पण एम-17 दाखवतो 7.999, आणि पिन खुशाल पुढे जाते. ग्राहकाकडे 8.001 चं भोक असलेला भाग तिची वाट पाहत असतो. तिथे ती बसत नाही, मग ठोकून बसवली जाते किंवा लाइन थांबते. तक्रार आली की कारखान्यात सगळे आधी ग्राइंडिंग मशीनला बोल लावतात. मायक्रोमीटरवर संशय घ्यायचं कुणाच्या मनातही येत नाही, त्याच्यावर तर हिरवं स्टिकर आहे!

हा दोष पकडायचा कसा? एक रस्ता ऑप्टिकल फ्लॅटचा. ही अतिशय सपाट घासलेली काचेची चकती अँव्हिलवर ठेवून एकाच रंगाच्या दिव्याखाली पाहिली की काळ्या-उजळ पट्ट्या दिसतात. सोडियमच्या पिवळ्या दिव्याखाली एका पट्टीपासून पुढच्या पट्टीपर्यंत उंचीत साधारण 0.3 मायक्रॉनचा फरक पडतो. तोंड सपाट असेल तर एखाद-दुसरीच वाकडी पट्टी दिसते. चर असेल तर त्याच्याजवळ पट्ट्यांची दाटी होते आणि त्या वाकतात. चांगली लॅब ही तपासणी करतेच. पण घरच्या घरी किंवा स्वस्तात उरकलेल्या कामात ती गळते, कारण नुसत्या स्लिप गेजवर ‘पास’ मिळत असतो.

दुसरा रस्ता शॉप फ्लोअरवरही चालतो. नेमका व्यास ठाऊक असलेली पिन गेज घ्यावी, एकदा नेहमीच्या जागी धरून मोजावी आणि एकदा चर ओलांडून आडवी, म्हणजे काटकोनात फिरवून. दोन रीडिंगमध्ये तीन-चार मायक्रॉनचा फरक आला तर चर आहेच. आपल्या नोटमधली पुढची ओळ तीच आहे : ‘पिन गेज 8.000 ने दोन्ही दिशांनी तपासलं. नेहमीच्या जागी 7.996, आडवं 8.000. तोंडं लॅप करायला द्या किंवा प्लेटची जाडी मोजायला वापरा. पिनांसाठी एम-22 द्या.’ किती फरक, कसा काढला आणि पुढे काय करायचं, या तीन गोष्टी असल्या की नव्या माणसाला आधीच्याच्या शब्दावर विसंबून राहावं लागत नाही. पिन गेज उचलून तो स्वतः पाहू शकतो. ‘एम-17 बरोबर नाही, जपून वापरा’ अशा ओळी नोटमध्ये फार असतात. त्यांचा उपयोग शून्य.

मायक्रोमीटरबद्दल आणखी एक खोच इथेच सांगायला हवी. मायक्रोमीटरचा स्क्रू एका फेऱ्यात अर्धा मिलिमीटर पुढे जातो. घरच्या तपासणीत पुष्कळ जण 5, 10, 15, 20 आणि 25 चे स्लिप गेज वापरतात. आकडे गोल, लक्षात ठेवायला बरे. पण हे सगळे अर्ध्याच्या पटीत येतात. म्हणजे दर वेळी थिंबल फिरून बरोबर शून्याच्याच खुणेवर थांबतो. फेऱ्याच्या मधल्या भागात स्क्रू चुकत असेल तर ती चूक एकदाही समोर येत नाही. म्हणून या तपासणीसाठी जी मापं वापरतात ती विचित्र दिसतात : 2.5, 5.1, 7.7, 10.3, 12.9 आणि असंच पुढे 25 पर्यंत. 5.1 ला थिंबल शून्याच्या थोडा पुढे थांबतो, 7.7 ला आणखी पुढे, 10.3 ला त्याहून पुढे. अशाने फेऱ्याचे निरनिराळे भाग तपासून होतात. चार्ज घेणाऱ्याने जुन्या रेकॉर्डमध्ये नुसते गोल आकडे पाहिले, तर त्या मायक्रोमीटरची निम्मीच तपासणी झाली आहे असं समजून चालावं.

आता अवघड जागा. एम-17 चुकतोय हे कळलं त्या दिवशी टेक्निशियनने काय केलं? हात शिवशिवतात ते त्याची तोंडं लॅप करून, झिरो लावून, ‘पास’ लिहून मोकळं व्हायला. तसं केलं की पुरावा संपतो. नियम असा की उपकरण ज्या अवस्थेत सापडलं त्या अवस्थेतली रीडिंग आधी लिहायची आणि मगच त्याला हात लावायचा. वाहन उद्योगात जे आयएटीएफ 16949 हे मानक पाळावं लागतं, तेही हेच मागतं. उपकरण चुकीचं आढळलं तर त्याने आधी मोजलेल्या मालाचं काय, याचा विचार करून नोंद ठेवायची, आणि संशयित माल ग्राहकाकडे गेला असेल तर त्याला कळवायचं.

हा विचार किती मागे न्यायचा? उपकरण शेवटचं बरोबर आढळलं होतं त्या दिवसापर्यंत. एम-17 ची शेवटची नीट तपासणी जूनमध्ये झाली असेल आणि चर नोव्हेंबरमध्ये सापडला असेल, तर मधल्या पाच महिन्यांचा पिनांचा सगळा माल संशयाच्या कक्षेत येतो. मधे दर महिन्याला कुणी पिन गेजने दोन मिनिटांची तपासणी केली असती, तर संशय एका महिन्याच्या मालापुरता राहिला असता. या मधल्या तपासण्यांचा कंटाळा करणाऱ्या सुपरवायझरला हा हिशोब रुपयांत मांडून दाखवला की तो पटतो, असा अनुभव आहे. जाणाऱ्याच्या नोटमध्ये म्हणूनच ‘चुकीचं आढळलं, निर्णय बाकी’ अशी एक वेगळी ओळ हवी. पाच महिन्यांच्या मालाचा अर्धवट राहिलेला प्रश्न नव्या माणसाला ऑडिटच्या दिवशी कळणं, यासारखा वाईट वारसा नाही.

प्लग गेजचं प्रकरण वेगळं. तिथे दोष अचानक उपटत नाही, तो आधीपासून येताना दिसतो. भोक मोजायच्या या दंडगोलाची ‘गो’ बाजू प्रत्येक चांगल्या भागात शिरते, म्हणून ती झिजत जाते. ‘नो-गो’ शिरतच नाही, तिला फारशी झीज नाही. 20 मिलिमीटरच्या भोकाची गो बाजू गेल्या तीन सर्टिफिकेटांवर 20.004, 20.003 आणि 20.001 अशी आली असेल आणि कारखान्याने 20.000 ही झिजेची मर्यादा ठरवली असेल, तर आज ती पासच आहे. पण झीज आधी एका मायक्रॉनची होती, मग दोनाची झाली. पुढच्या ड्यू डेटपर्यंत ती मर्यादेच्या खाली जाणार, आणि मग लहान पडलेलं भोकही गेजला चांगलं वाटू लागणार. इथे ‘पास’ हा शेरा वाचायचा नसतो, तीन आकडे शेजारी मांडून पाहायचे असतात. नोटमध्ये एवढंच पुरे : ‘पीजी-31 ची मुदत निम्मी केली आहे. नवीन गेजची ऑर्डर आत्ताच टाका.’

खुद्द खोलीही त्रास देणाऱ्यांच्या यादीत येऊ शकते. लांबीची सगळी मापं 20 अंश सेल्सिअसला धरायची हा संकेत 1931 साली आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरला. पुण्याच्या एप्रिलमध्ये शॉप फ्लोअरवर 35 अंश सहज असतं. पोलादाचा मायक्रोमीटर आणि पोलादाचा जॉब दोन्ही सारखेच तापले असतील तर दोन्ही सारखेच वाढतात आणि चूक बऱ्यापैकी भरून निघते. जॉब ॲल्युमिनियमचा असेल तर नाही. ते पोलादाच्या जवळपास दुप्पट वाढतं. 100 मिलिमीटरच्या ॲल्युमिनियम जॉबवर 15 अंशांच्या फरकाने सुमारे 17 मायक्रॉनची चूक येते, आणि तिथे दोष ना उपकरणाचा असतो ना ऑपरेटरचा. म्हणून एसी दुपारी ट्रिप होतो ही गोष्ट नोटमध्ये हवी. त्या तासांत काढलेली रीडिंग कुठली हेही हवं. भिंतीवरचा तापमान-आर्द्रता मोजणारा मीटर स्वतः कधी ड्यू आहे, हे तर हमखास राहून जातं.

आणि एक यादी, जी कुणालाच लिहायला आवडत नाही. रजिस्टरमध्ये आहेत पण जागेवर सापडत नाहीत अशी उपकरणं, आणि जागेवर सापडतात पण रजिस्टरमध्ये नाहीत अशी. दुसरी जास्त घातक. एखाद्या जुन्या ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये त्याचा स्वतःचा व्हर्निअर असतो. वीस वर्षं हाताखालचा, कंपनीच्या व्हर्निअरपेक्षा त्याच्यावर भरवसा अधिक. त्याच्यावर नंबर नाही, स्टिकर नाही, पण रोजचा माल त्यानेच पास होतो. जाणारा टेक्निशियन हे ओळखून असतो आणि मैत्रीखातर कानाडोळाही करतो. नव्याने त्या मैत्रीत शिरण्याआधी ड्रॉवर एकदा उघडून घेतलेला बरा.

नोट शेवटच्या दिवशी, निरोपाच्या चहानंतर लिहायला बसलं की फक्त तारखा उतरतात. राजीनामा दिल्याच्या दिवसापासून रोज चार-पाच उपकरणांची रीडिंग काढत लिहिली, तर नोटीस पिरियड तिला पुरतो. तिच्यावर क्वालिटी मॅनेजरची सही घ्यावी. ‘निर्णय बाकी’च्या ओळी त्यांना तोंडी वाचून दाखवाव्यात. प्रत्येक त्रासदायक उपकरणाची ओळ त्याच्या हिस्टरी कार्डवरही उतरवावी. फाइलमधला सुटा कागद हरवतो आणि ऑडिटर येतो तेव्हा कार्डच मागतो.